अँटिबायोटिक घड्याळ बघून, सलाईन पेशंट बघून

द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तासगाव भागातली माणसं दुखणं अंगावर काढतात. मजुरांची टोळी ठरलेली असते, छाटणीची तारीख पुढे ढकलता येत नाही, आणि घरातल्या बाईला थंडी वाजून आली तर ती क्रोसिनची गोळी घेऊन पुन्हा बागेत जाते. या लेखातल्या मावशींनी तेच केलं होतं. त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ५८, वजन ५० किलोच्या आसपास, दहा-बारा वर्षांचा मधुमेह. रात्री ९ वाजून १० मिनिटांनी मुलाने त्यांना आमच्या छोट्या हॉस्पिटलात आणलं. तो म्हणाला, "डॉक्टर, ताप न्हाई तिला. अशक्तपणा लई हाय. दुपारपासनं बोलायलाबी कंटाळा करतीय. एक सलाईन लावा, म्हंजी बरं वाटंल."

थर्मामीटर ९८.४ दाखवत होता, म्हणजे मुलाचं म्हणणं आकड्यापुरतं बरोबर होतं. पण सिस्टरने श्वास पूर्ण एक मिनिट मोजले, ते २८ भरले. माझ्या मते सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं, ओळखण्याची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी हीच. केसपेपरवर श्वासाच्या रकान्यात न मोजता '२०' लिहिण्याची सवय अनेक ठिकाणी असते, आणि त्या वीसच्या आड कितीतरी अठ्ठावीस लपून जातात. छातीत काही नसताना, ऑक्सिजन ९५ असताना माणूस मिनिटाला २८ वेळा श्वास घेतोय, याचा अर्थ बहुधा रक्तात आम्ल साठतंय आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायची धडपड करतंय. मधुमेहात हेच चित्र केटोॲसिडोसिसनेही दिसतं, म्हणून साखर आणि लघवीतले कीटोन लगेच पाहिले. साखर ३४२ होती, कीटोन नव्हते.

नाडी ११८, रक्तदाब ८८/५०. मावशींना आपलं नाव सांगता येत होतं, पण "कुठं आलोय आपण?" हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मुलाला हा थकवा वाटला होता. मला तो मेंदूला रक्त कमी पडत असल्याचा पुरावा वाटला. श्वास २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि बदललेली शुद्ध, या तिन्ही खुणा एकाच पेशंटमध्ये होत्या. २०१६ साली सेप्सिसची व्याख्या बदलली तेव्हा हीच त्रिसूत्री क्यूसोफा नावाने पुढे आली. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडून अवयव निकामी होऊ लागणं म्हणजे सेप्सिस, अशी ती व्याख्या आहे. मात्र २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलं की चाळणी म्हणून एकट्या क्यूसोफावर विसंबू नये. कारण तिन्ही खुणा दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ज्याचा रक्तदाब नेहमी १५० असतो त्याचा ११० झाला तर तो या चाळणीतून सुटतो, पण त्याच्या मूत्रपिंडांना तेवढ्यानेही रक्त कमी पडायला लागलेलं असतं.

मग मी त्यांच्या बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरलं आणि सोडलं. पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला पाच सेकंद लागले. तीनपेक्षा जास्त लागले तर कातडीपर्यंत रक्त नीट पोचत नाही. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर गुडघ्याभोवतीचे निळसर चट्टे चटकन दिसत नाहीत, म्हणून मी नखाजवळ बघतो, चांगल्या उजेडात, आणि मनात न मोजता घड्याळाच्या काट्यावर मोजतो. अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या लॅक्टेटची तपासणी आमच्याकडे रात्री होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या, पेशंटचे उपचार एका गटात लॅक्टेट बघून आणि दुसऱ्या गटात हीच बोट दाबण्याची चाचणी बघून केले गेले. बोटाचा गट कुठे मागे पडला नाही. मशीन नसलेल्या दवाखान्यासाठी याहून उपयोगाचा अभ्यास मला माहीत नाही.

संसर्ग कुठे होता? पाठीत डाव्या बाजूला बरगडीखाली हलका ठोसा दिला तेव्हा मावशी कळवळल्या. मुलाला खोदून विचारलं तेव्हा कळलं की तीन दिवस लघवीला जळजळ होती, आदल्या रात्री दातावर दात आपटण्याइतकी हुडहुडी भरली होती, आणि दर सहा तासांनी तापाची गोळी चालू होती. ताप का दिसत नव्हता याचं उत्तर त्या गोळीत होतं. वयस्कर आणि मधुमेही माणसांत गोळी न घेताही बऱ्याचदा ताप येत नाही, कधी अंग उलट थंड पडतं. म्हणून "ताप नाही" या वाक्यावर मी संसर्ग कधीच नाकारत नाही.

हे सगळं व्हायला दहा मिनिटं लागली. घड्याळात ९:२० झाले होते.

अँटिबायोटिकच्या घाईबद्दल डॉक्टरांमध्ये बरीच वर्षं वाद चालू आहे, आणि तो वाद खरा आहे. २००६ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात सेप्टिक शॉकच्या पेशंटचे जुने केसपेपर तपासले होते. रक्तदाब उतरल्यावर पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी जवळपास ८० टक्के वाचले, आणि पहिल्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांनी घसरत गेलं. २०१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सुमारे ४९ हजार पेशंटच्या नोंदींवरून आलेला आकडा बराच सौम्य होता. तिथे प्रत्येक तासाच्या उशिराला मृत्यूची शक्यता साधारण चार टक्क्यांनी वाढत होती, आणि हा धोका शॉकमधल्या पेशंटमध्ये जास्त दिसत होता. दोन्ही अभ्यास नोंदींवरचे आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या नव्हेत. तरीही दोन्हींतून एक गोष्ट समान निघते: शॉक असेल तर उशीर महाग पडतो. म्हणून सूचनाही तशाच आहेत. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर एका तासात. शॉक नाही आणि सेप्सिस आहे की नाही हेच नक्की नाही, तर भराभर तपासण्या करा, पण शंका टिकली तर तीन तासांच्या आत.

ही दुसरी मुभा आपल्याकडे फार मोलाची आहे. ऑक्टोबरात ताप घेऊन येणाऱ्यांत डेंग्यूचे खूप असतात, आणि डेंग्यूच्या पेशंटला भारी अँटिबायोटिक देऊन काहीच साधत नाही. शॉक नसेल तर प्लेटलेट, हिमॅटोक्रिट आणि डेंग्यूची चाचणी बघायला वेळ असतो. मावशींच्या बाबतीत तो नव्हता. मी रिपोर्टची वाट पाहिली नाही.

पण "डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं" आणि "अँटिबायोटिक शिरेत गेलं" या दोन वेळांमध्ये छोट्या हॉस्पिटलात बरंच काही घडतं. चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात जाते, तो मेडिकलमध्ये जातो, तिथे गर्दी असते, पैसे कमी पडतात, तो भावाला फोन लावतो. सहज पाऊण तास जातो, आणि केसपेपरवर मात्र लिहिल्याची वेळ राहते. म्हणून आमच्याकडे काही औषधांचा पहिला डोस इमर्जन्सी ट्रॉलीत ठेवलेला असतो. आधी द्यायचा, बिल नंतर. वेळही इंजेक्शन संपल्याची लिहायची.

सिस्टरने दोन्ही हातांत हिरव्या व्हेनफ्लॉन लावल्या. सुया लावतानाच रक्त घेतलं. जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या दोन बाटल्या, दोन वेगळ्या हातांतून, प्रत्येकीत ८ ते १० मिली. कमी रक्त घातलं तर जंतू सापडायची शक्यता घटते, म्हणून इथे काटकसर करत नाही. लघवीची नळी घालून लघवीचंही कल्चर घेतलं. लघवी गढूळ होती आणि पिशवीत जेमतेम ६० मिली आली. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं हे खरं, पण त्यापायी औषध रखडवायचं नसतं. शीर सापडत नसेल तर मी कल्चर सोडतो, डोस सोडत नाही.

कोणतं औषध, हा प्रश्न तितकाच मोठा होता. सेफ्ट्रियाक्झोन हाताशी होतं आणि स्वस्तही. पण मुलाने जुनी फाइल काढली तेव्हा दिसलं की दोन महिन्यांपूर्वी मावशींना लघवीच्या संसर्गासाठी आठवडाभर अँटिबायोटिक मिळालं होतं. आपल्याकडच्या ई. कोलाय जंतूंपैकी मोठ्या हिश्श्याकडे सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधं तोडणारं ईएसबीएल नावाचं एन्झाइम असतं, आणि नुकतंच अँटिबायोटिक घेतलेल्या पेशंटमध्ये ही शक्यता आणखी वाढते. शॉकमध्ये पहिलं औषध चुकलं तर कल्चर येईपर्यंतचे दोन दिवस उपचाराविना गेल्यासारखेच. म्हणून मेरोपेनेम १ ग्रॅम. शुद्धीत, चालत आलेल्या, नुसत्या लघवीच्या जळजळीच्या पेशंटला मी हे औषध कधी देणार नाही.

मूत्रपिंडांवर परिणाम झाला असणार हे दिसत होतं, तरी पहिला डोस पूर्ण दिला. सेप्सिसमध्ये औषध अंगभर पसरलेल्या पाण्यात विरळ होतं, त्यामुळे सुरुवातीचा डोस कापला तर रक्तात पुरेशी पातळीच येत नाही. क्रिएटिनिन बघून कपात करायची ती पुढच्या डोसांत. मेरोपेनेमची सोय अशी की ते पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत सरळ शिरेत देता येतं, १०० मिलीच्या बाटलीतून अर्धा तास थेंब थेंब सोडायची गरज नाही. ९:२९ ला इंजेक्शन संपलं.

दुसऱ्या हातात रिंगर लॅक्टेटची बाटली तोवर सुरू झाली होती.

सलाईनबद्दल आपल्याकडे एक गाढ विश्वास आहे, पेशंटचाही आणि काही अंशी आम्हा डॉक्टरांचाही. सूचनांमधला आकडा असा, की सेप्सिसमुळे रक्तदाब उतरला असेल तर पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिली. मावशींसाठी दीड लिटर, म्हणजे तीन बाटल्या. पण २०२१ मध्ये हा सल्ला 'शिफारस' या पातळीवरून 'सुचवतो' या पातळीवर उतरवला गेला, कारण त्यामागचा पुरावा पातळ आहे. न्यूयॉर्कच्या ज्या नोंदींत अँटिबायोटिकचा उशीर स्पष्ट दिसला, त्याच नोंदींत सलाईन लवकर संपवल्याचा तसा फायदा दिसला नाही. २०२३ च्या क्लोव्हर्स चाचणीत सगळ्यांना सुरुवातीचं थोडं सलाईन दिल्यानंतर एका गटाला पुढेही भरपूर दिलं, दुसऱ्याला हात आखडून देऊन रक्तदाबाचं औषध लवकर सुरू केलं. ९० दिवसांनंतर मृत्यूंत फरक नव्हता. आणि आफ्रिकेत, जिथे व्हेंटिलेटर आणि आयसीयू सहज मिळत नाहीत, तिथल्या दोन चाचण्यांत, २०११ ला मुलांमध्ये आणि २०१७ ला झांबियातल्या प्रौढांमध्ये, भराभर सलाईन दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. तिथले पेशंट वेगळे होते, मलेरिया आणि एचआयव्ही असलेले पुष्कळ होते, म्हणून ते निष्कर्ष जसेच्या तसे तासगावला लावता येणार नाहीत. पण फुप्फुसात पाणी झालं तर सावरायला व्हेंटिलेटर नाही, ही अडचण आमच्याकडेही तीच आहे.

म्हणून मी एकावेळी ५०० मिली देतो आणि प्रत्येक बाटलीनंतर पेशंटकडे परत जातो. पहिली बाटली वीस मिनिटांत गेली. रक्तदाब ९४/५४, बोट चार सेकंदांत भरलं, छाती साफ. फायदा दिसत होता, म्हणून दुसरी. ती संपली तेव्हा १०:१५ झाले होते. रक्तदाब परत ९०/४८ वर आला होता, बोट चारच सेकंदांवर अडलं होतं, श्वास ३० झाले, ऑक्सिजन ९२ वर उतरला, आणि स्टेथोस्कोपमधून पाठीत तळाला बारीक चरचर ऐकू आली. पाणी शिरेत टिकत नव्हतं, फुप्फुसात उतरू लागलं होतं.

मी तिसरी बाटली लावू दिली नाही आणि ऑक्सिजन सुरू केला. मुलगा घाबरला. "डॉक्टर, बीपी अजून कमी हाय न्हवं? मग सलाईन का बंद केलं?"

त्याला सांगितलं, "तुझ्या रानातल्या पाटाला ठिकठिकाणी भगदाडं पडली, तर मोटर कितीही चालव, शेवटच्या सरीत पाणी पोचतंय का? बाजूच्या वावरात चिखल होईल फक्त. तुझ्या आईच्या रक्तवाहिन्या सैल पडल्यात आणि पाझरायला लागल्यात. आता त्या आवळणारं औषध द्यायचंय."

ते औषध म्हणजे नॉरॲड्रिनॅलिन. पूर्वी मानेतली मोठी नळी घातल्याशिवाय ते सुरू करायचं नाही असा दंडक होता, आणि त्या नळीच्या वाटेत तास जायचा. आता कोपराच्या खळीत किंवा त्याच्या वर चांगली रुंद सुई असेल तर थोड्या काळासाठी तिथूनच सुरू करा, असं सूचनाच सांगतात. आम्ही ४ मिलीग्रॅम २५० मिलीमध्ये मिसळून पंपावर ताशी १९ मिलीने सुरू केलं. मावशींच्या वजनाला हे मिनिटाला दर किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम होतं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी काळी पडून मरते, म्हणून सिस्टरने ती जागा उघडी ठेवली आणि दर पंधरा मिनिटांनी बोट लावून पाहिली: फुगली का, पांढरी पडली का, दुखते का. लक्ष्य सरासरी दाब ६५. वरच्या आकड्यात खालचा आकडा दोनदा मिळवून तीनने भागायचं. ९०/४८ ला तो ६२ होता. वीस मिनिटांत रक्तदाब १०२/५६ झाला, म्हणजे ७१, आणि बोट तीन सेकंदांवर आलं. मावशींनी पहिल्यांदाच वेगळा प्रश्न विचारला, "बागंत कोण हाय?"

दुसरी बाटली चालू असतानाच मी पोटाची सोनोग्राफी केली होती. डावं मूत्रपिंड फुगलेलं होतं आणि मूत्रनलिकेच्या वरच्या तोंडाशी ९ मिलिमीटरचा खडा अडकला होता. इथे सगळं गणित बदलतं. अडलेल्या मूत्रपिंडात लघवी दाबाखाली तुंबलेली असते. तिथे औषध नीट पोचत नाही, आणि जंतू मात्र उलट्या दिशेने रक्तात ढकलले जातात. अशा वेळी अँटिबायोटिक कितीही योग्य असलं तरी ते फक्त वेळ मिळवून देतं. तुंबलेलं मोकळं करावंच लागतं, एकतर आतून डीजे स्टेंट नावाची बारीक नळी घालून, नाहीतर पाठीतून नळी टाकून. तेही सकाळी नाही, त्याच रात्री.

आमच्याकडे युरॉलॉजिस्ट नाही. मिरजेला फोन लावला तेव्हा मी निदानाच्या आधी वेळा सांगितल्या: मेरोपेनेम ९:२९ ला गेलं, कल्चर घेतलंय, एक लिटर दिलंय, नॉरॲड्रिनॅलिन अमुक वेगाने चालू आहे, डावीकडे खड्याने अडथळा आहे. पलीकडच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं. सव्वाअकराला मावशी पंप चालू ठेवून, सोबत सिस्टर देऊन रवाना झाल्या. घाईत पेशंट तसाच गाडीत घालून "मिरजेला न्या" म्हणणं सोपं असतं, पण त्या रस्त्यावरचा पाऊण तास आणि तिथल्या दाखल करण्याचा अर्धा तास औषधाविना जातो. पहिला डोस पाठवणाऱ्याने द्यायचा, असा माझा ठाम आग्रह आहे.

तिथे लॅक्टेट ४.६ निघालं, क्रिएटिनिन २.८. रात्री दीडच्या सुमारास स्टेंट घातला गेला आणि वरून पू आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नॉरॲड्रिनॅलिन बंद झालं, लघवी ताशी ५० मिलीच्या वर गेली. रक्त आणि लघवी दोन्ही कल्चरमध्ये ईएसबीएल असलेला ई. कोलाय आला, सेफ्ट्रियाक्झोनला न जुमानणारा, मेरोपेनेम आणि अमिकासिनला संवेदनशील. कल्चर हातात असल्यामुळेच तिथल्या डॉक्टरांना मेरोपेनेम बदलून दिवसातून एकदाच द्यायचं एर्टापेनेम देता आलं, आणि शेवटचे काही डोस मावशींना घरी परतल्यावर आमच्याकडे घेता आले. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी क्रिएटिनिन उतरेपर्यंत बंद ठेवली, साखर इन्सुलिनवर.

शेवटच्या डोसाला आल्या तेव्हा मुलाने विचारलं, "नळी आत राहिली तर चालंल का? आता तर काय तरास न्हाई." स्टेंट विसरून राहिला की त्यावर खड्याचा थर चढतो, तोच पुन्हा संसर्गाचं घर बनतो आणि काढणंही अवघड होतं. म्हणून केसपेपरवर, डिस्चार्ज कार्डावर आणि त्याच्या मोबाइलमध्ये, तिन्ही ठिकाणी तारीख घातली. आधी खडा फोडायचा, मग स्टेंट काढायचा. तारीख माल उतरायच्या हंगामाच्या कितीतरी आधीची धरली.